दोन पत्रिका आणि एकच हट्ट : चर, स्थिर, द्विस्वभाव आणि तत्त्वांचा हिशेब कसा मांडायचा

दोन पत्रिका शेजारी ठेवून बघायला नुकतीच सुरुवात केलेल्या माणसाला तत्त्वं लगेच आवडतात. हा अग्नी, ती जल, म्हणून रोजची खडाखडी. सांगायला सोपं आणि समोरच्यालाही पटकन पटतं. माझं मत असं की तत्त्वं नंतर बघावीत. आधी चर, स्थिर, द्विस्वभाव हा हिशेब मांडावा. भांडण कशावरून होतं ते तत्त्वांवरून कळतं. ते कसं चालतं, किती दिवस चालतं आणि मिटतं की नुसतं बाजूला पडतं, हे राशींच्या स्वभावावरून कळतं. घरात त्रास होतो तो बहुतेक वेळा या दुसऱ्या गोष्टीचा.

खाली ठाण्यातल्या एका जोडप्याच्या पत्रिका घेऊन सगळा हिशेब करून दाखवतो. कागद-पेन घेऊन बसा आणि शेजारी स्वतःच्या दोन पत्रिका ठेवा.

आधी दोन्ही पत्रिका एकाच पद्धतीच्या आहेत का ते बघा

हमखास गडबड होते ती इथे. मुलाची पत्रिका गुरुजींनी पंचांगावरून मांडलेली असते, म्हणजे निरयन. मुलीची कुठल्याशा मोबाईल ॲपवरून काढलेली असते आणि ती सायन निघते. दोन्हींत साधारण २४ अंशांचा फरक असतो. त्यामुळे बरेचसे ग्रह एक राशी पुढे सरकलेले दिसतात आणि पुढची सगळी बेरीज वाया जाते.

ओळखायची सोपी खूण म्हणजे रवी. निरयन पद्धतीत रवी १४ एप्रिलच्या आसपास मेषेत येतो, सायन पद्धतीत २१ मार्चच्या आसपास. एखाद्याचा जन्म १ एप्रिलचा असेल आणि पत्रिकेत रवी मेषेत दिसत असेल, तर ती पत्रिका सायन. मीनेत दिसत असेल तर निरयन. इथे मी निरयनच वापरतो आहे, कारण आपल्याकडे घरोघरी तीच असते. तुम्ही सायन वापरलीत तरी हरकत नाही, फक्त दोन्ही पत्रिका सायन हव्यात.

बारा राशींची वाटणी

मेषेपासून ओळीने मोजत जा: चर, स्थिर, द्विस्वभाव, पुन्हा चर, स्थिर, द्विस्वभाव. तत्त्वंही तशीच ओळीने येतात: अग्नी, पृथ्वी, वायू, जल, मग पुन्हा अग्नी. पहिली साखळी तिनाची आणि दुसरी चाराची असल्यामुळे प्रत्येक राशीच्या वाट्याला वेगळी जोडी येते.

चर: मेष (अग्नी), कर्क (जल), तूळ (वायू), मकर (पृथ्वी)
स्थिर: वृषभ (पृथ्वी), सिंह (अग्नी), वृश्चिक (जल), कुंभ (वायू)
द्विस्वभाव: मिथुन (वायू), कन्या (पृथ्वी), धनु (अग्नी), मीन (जल)

चर राशी काम सुरू करतात, स्थिर राशी धरून ठेवतात आणि द्विस्वभाव राशी परिस्थितीप्रमाणे वळतात. मुहूर्त बघणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. दिवाळीत लक्ष्मीपूजन वृषभ लग्नावर करायचा आग्रह असतो तो याचसाठी की लक्ष्मी घरात टिकावी. प्रवासाला निघायचं तर चर लग्न बघतात.

एक सूचना. ग्रहांनाही तत्त्वं असतात, म्हणजे मंगळ अग्नीचा, शुक्र जलाचा वगैरे. ती इथे आणायची नाहीत. मंगळ कर्केत असेल तर या हिशेबात तो जलाच्या खात्यात जातो. इथे राशीचं तत्त्व मोजायचं, ग्रहाचं नाही.

गुण कसे द्यायचे

सगळे ग्रह सारखे धरले तर चित्र फसवं येतं. चंद्राची राशी माणूस रोज जगतो, शनीची राशी मात्र त्याच्या अख्ख्या वर्गातल्या मुलांची एकच असते. म्हणून मी असे गुण देतो: चंद्राला ३, लग्नाला २, रवीला २, आणि बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी यांना प्रत्येकी १. बेरीज बरोबर १२ येते. ती सोयीची आहे, कारण चर, स्थिर, द्विस्वभाव या तीन खात्यांत सरासरी ४ आणि चार तत्त्वांत सरासरी ३ यायला हवेत, हे मनातल्या मनात तपासता येतं. कुणी रवीलाही ३ देतात, कुणी लग्नाला जास्त देतात. प्रमाण कुठलंही घ्या, पण दोन्ही पत्रिकांना तेच लावा.

राहू आणि केतू मोजू नका. ते कायम समोरासमोर असतात आणि समोरासमोरच्या राशी नेहमी एकाच स्वभावाच्या असतात. त्यामुळे ते मोजले तर एकाच खात्यात फुकटचे दोन गुण पडतात. हर्षल, नेपच्यून, प्लूटो यांनाही वगळा. त्यांच्या राशी पिढीच्या असतात, माणसाच्या नसतात.

बारापैकी ६ किंवा जास्त गुण एकाच स्वभावात गेले तर तो स्वभाव भारी समजायचा. १ किंवा शून्य असेल तर उणा. तत्त्वांच्या बाबतीत ५ म्हणजे भारी, १ किंवा शून्य म्हणजे उणं.

दोन पत्रिका

तो नौपाड्यात वाढलेला. जन्म १९९४ च्या मे महिन्यातला, सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात. ती नेरूळची. जन्म १९९५ च्या फेब्रुवारीतला, सकाळचा. 

त्याची पत्रिका: लग्न वृश्चिक, चंद्र सिंह, रवी वृषभ, बुध वृषभ, शुक्र मिथुन, मंगळ मेष, गुरू तूळ, शनी कुंभ.

स्थिर खात्यात चंद्राचे ३, लग्नाचे २, रवीचे २, बुधाचा १ आणि शनीचा १, मिळून ९. चर खात्यात मंगळ आणि गुरू, म्हणजे २. द्विस्वभावात एकटा शुक्र, १.

तत्त्वं बघा. अग्नी ४ (चंद्र, मंगळ), पृथ्वी ३ (रवी, बुध), वायू ३ (शुक्र, गुरू, शनी), जल २ (लग्न). तत्त्वांच्या बाबतीत ही पत्रिका तोलून-मापून केल्यासारखी आहे. नुसती तत्त्वं बघणारा माणूस हिला पैकीच्या पैकी देईल आणि स्थिर खात्यातले ९ त्याला दिसणारच नाहीत.

तिची पत्रिका: लग्न मेष, चंद्र वृश्चिक, रवी कुंभ, बुध मकर, शुक्र धनु, मंगळ कर्क, गुरू वृश्चिक, शनी कुंभ.

स्थिर खात्यात चंद्राचे ३, रवीचे २, गुरूचा १ आणि शनीचा १, मिळून ७. चर खात्यात लग्नाचे २, बुध १, मंगळ १, म्हणजे ४. द्विस्वभावात पुन्हा एकटा शुक्र, १.

तत्त्वं: जल ५ (चंद्र, गुरू, मंगळ), वायू ३ (रवी, शनी), अग्नी ३ (लग्न, शुक्र), पृथ्वी १ (बुध).

आता दोघांची बेरीज. २४ पैकी स्थिर १६, चर ६, द्विस्वभाव २. तत्त्वांची बेरीज अग्नी ७, जल ७, वायू ६, पृथ्वी ४. तत्त्वं ठीकठाक आहेत. स्वभाव मात्र एका बाजूला पुरता कलंडलाय, आणि वळणारं असं दोघांकडे मिळून फक्त शुक्राचं बळ आहे. शुक्र मिथुन आणि धनूत, समोरासमोरच्या राशींत. म्हणजे हसतखेळत असताना, फिरायला गेल्यावर, चांगलं जेवण झाल्यावर हे दोघे एकमेकांचं ऐकतात. बैठक मारून ‘बोलून घेऊया’ म्हटलं की नाही.

बेरजेवर थांबू नका, अंश बघा

बेरीज म्हणजे नुसता अंदाज. घर्षण खरंच आहे का ते ग्रहांमधल्या अंतरावरून ठरतं.

एकाच स्वभावाच्या चार राशी एकमेकींपासून चौथ्या, सातव्या आणि दहाव्या असतात. सातव्या राशीची तत्त्वं एकमेकांना चालणारी असतात, अग्नीसमोर वायू आणि पृथ्वीसमोर जल. चौथ्या-दहाव्या राशीची तत्त्वं मात्र कधीच जुळत नाहीत. अग्नीला तिथे जल किंवा पृथ्वी भेटते, वायूलाही तीच दोन. म्हणून केंद्रयोगात, म्हणजे दोन ग्रह असे चौथ्या-दहाव्या राशीत साधारण ९० अंशांवर असताना, जास्त टोचतं: वागायची तऱ्हा दोघांची एकच, पण हवं असतं वेगळं काहीतरी. दोघेही ठाम, आणि ठाम वेगळ्याच गोष्टीवर.

या जोडप्यात त्याचा चंद्र सिंहेत ४ अंशांवर आहे आणि तिचा वृश्चिकेत ६ अंशांच्या आत. दोन चंद्रांत जवळपास काटेकोर केंद्रयोग. त्याचा रवी वृषभेत ३ अंशांवर, म्हणजे तिच्या चंद्राच्या बरोबर समोर. तिचा रवी कुंभेत ९ अंशांवर, त्याच्या चंद्रासमोर. दोघांचे रवी-चंद्र मिळून वृषभ, सिंह, वृश्चिक, कुंभ या चारही स्थिर राशी भरल्यात आणि सगळे ३ ते ९ अंशांच्या पट्ट्यात. एकट्याच्या पत्रिकेत हा चौक कुठेच नाही, दोघे एकत्र आले की तयार होतो. म्हणून लग्नाआधी ‘आमचा मुलगा कधी कुणाशी अडून बसला नाही’ असं म्हणणारी आई खोटं बोलत नसते.

तुमच्या पत्रिकांत बघताना मी सांगतो एवढीच मर्यादा पाळा: रवी, चंद्र, लग्न आणि मंगळ यांच्यातलंच अंतर मोजा, आणि ९० किंवा १८० अंशांपासून ६ अंशांपर्यंतचा फरकच धरा. स्थिर राशी भरपूर आहेत पण कुणी कुणाच्या जवळपास नाही, एक २ अंशांवर आणि दुसरा २७ वर, तर दोघे हट्टी खरे, पण एकमेकांच्या आड क्वचितच येतात.

गुणमेलनात हे का दिसलं नाही

दिसलं नाही एवढंच नव्हे, उलट जुळलं म्हणून आलं. सिंह आणि वृश्चिक एकमेकींपासून चौथ्या-दहाव्या, आणि दोघांच्या चंद्रराशींमधलं अंतर बघणाऱ्या भकूट कूटात चौथ्या-दहाव्याला पूर्ण ७ गुण मिळतात. त्याचं नक्षत्र मघा, अंत्य नाडी. तिचं अनुराधा, मध्य नाडी. नाडीचे ८. राशीस्वामी रवी आणि मंगळ हे मित्र, म्हणून ग्रहमैत्रीचे ५. या तीन कूटांतच २० झाले, आणि पास व्हायला १८ पुरतात. दोन्हीकडची मंडळी खूश.

याची दुसरी बाजूही गंमतीची आहे. एकाच तत्त्वाच्या दोन राशी, म्हणजे मेष आणि सिंह किंवा कर्क आणि वृश्चिक, एकमेकींपासून पाचव्या-नवव्या असतात. दोन पत्रिकांतले योग बघणारा त्यांना सगळ्यात सुखाचे म्हणेल. भकूटात मात्र नवपंचमाला शून्य गुण, दोष म्हणून.

यात कुणाला खोटं ठरवायची गरज नाही. भकूट विचारतं हा संसार टिकेल का, आणि दोन स्थिर राशींचा संसार टिकतो, यात मला शंका नाही. टिकलेल्या संसारात रोज संध्याकाळी काय चालतं ते भकूट विचारत नाही. चर-स्थिरचा हिशेब त्याच प्रश्नासाठी असतो. म्हणून तो गुणमेलनाच्या जागी नाही, त्याच्या शेजारी ठेवा.

घरात ते कसं दिसतं

नौपाड्यातली त्याच्या आईवडिलांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. बिल्डर भाडं देणार, दोन-तीन वर्षं बाहेर राहायचं. ती म्हणाली नेरूळला घर घेऊ, माझी आई एकटी असते. तो म्हणाला नौपाड्यातच घेऊ, आईबाबांचा डॉक्टर, देऊळ, भाजीवाला सगळं इथे. त्याचं ऑफिस ऐरोलीला आणि तिचं तुर्भ्याला. दोन्ही ट्रान्स-हार्बर लाइनवर, ठाण्याहूनही जाता येतं आणि नेरूळहूनही. म्हणजे प्रवासाचा मुद्दाच नव्हता.

विषय काढला तिने, नेहमी तीच काढते. तिच्या चर खात्यात ४ आहेत आणि लग्न मेष. साइटवर घरं शोधून, तीन लिंक पाठवून, रविवारी बघायला जायचं ठरवूनच ती बोलायला बसली. त्याने पहिल्याच वाक्यात ‘बघू’ म्हटलं. स्थिर राशीवाल्याचं ‘बघू’ म्हणजे नाही, हे तिला पुरतं माहीत होतं, कारण ती स्वतःही तसंच म्हणते.

पुढचे दीड महिने भांडण असं झालंच नाही. आवाज चढला नाही, कुणी दार आपटलं नाही. दर चार-पाच दिवसांनी कुणीतरी एक वाक्य टाकायचं, दुसरा तेच जुनं उत्तर त्याच शब्दांत द्यायचा आणि मग टीव्ही. स्थिर-स्थिर घर्षणाची ही पक्की खूण आहे. वाक्यं बदलत नाहीत. पहिल्या दिवशीचं आणि चाळिसाव्या दिवशीचं वाक्य तेच असेल, तर पत्रिका न बघताही स्थिर राशी ओळखता येतात.

तत्त्वं कुठे आली? दोघांच्या वाक्यांत. तो बोलायचा पैशांचं आणि मानाचं: भाडं किती, ब्रोकरला किती, सासरी जाऊन राहिल्यासारखं लोकांना वाटेल त्याचं काय. पृथ्वी आणि अग्नी. ती बोलायची माणसांचं: आई रात्री एकटी असते, बोलत नाही पण घाबरते. जल. तो आकडे सांगायचा आणि तिला वाटायचं याला आईचं काहीच नाही. ती आईचं सांगायची आणि त्याला वाटायचं ही मुद्दा टाळते. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, त्यामुळे कुणालाच हलायची गरज वाटत नव्हती.

इथे तत्त्वांच्या उणेपणाबद्दल एक सांगतो. तिच्याकडे पृथ्वी १, त्याच्याकडे ३. ‘एकाचं उणं दुसरा भरून काढतो’ असं पुस्तकी उत्तर मिळतं, आणि सुरुवातीला तसं होतंही. ईएमआय, विमा, सोसायटीचे कागद सगळं तो बघतो. चार-पाच वर्षांनी तेच बोचायला लागतं. तिला स्वतःच्या पैशांचाही हिशेब त्याला विचारावा लागतो, आणि त्याला वाटतं आपणच कायम घरातले कारकून. उणं तत्त्व दुसऱ्याकडून उसनं घेतलं की कधीतरी त्याचं व्याज द्यावं लागतं. उपाय साधा असतो: उणं असलेल्या माणसाने त्या तत्त्वाचं एक छोटं काम पूर्णपणे स्वतःकडे ठेवायचं. तिने आता घरभाड्याचा व्यवहार आणि करार स्वतःकडे घेतलाय.

या घर्षणाचं करायचं काय

स्थिर राशीला पटवून देता येत नाही. तसा प्रयत्न केला की ती जास्त घट्ट होते. तिला चालतं ते असं काहीतरी, ज्याला शेवटची तारीख आहे. कायमचं हलायला ती तयार नसते, ठराविक मुदतीसाठी होते, कारण मूळ जागा सोडली असं तिला वाटत नाही.

म्हणून त्यांना मी तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, हा विषय आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वेळी काढायचा, मधे एकही वाक्य टाकायचं नाही. दुसरी, प्रत्येकाने आपली एक अट लिहून द्यायची आणि ती दुसऱ्याने न वाद घालता मानायची. बोललेलं स्थिर माणूस विसरत नाही, पण लिहिलेलं तो मोडतही नाही. तिसरी, कायमच्या निर्णयाऐवजी ११ महिन्यांचा निर्णय घ्यायचा. लीव्ह अँड लायसन्सचा करार बहुधा तेवढाच असतो, त्यामुळे मुदत आपोआप मिळते आणि ती कुणी लादली असं होत नाही.

शुक्राचाही उपयोग केला. त्यांची ती आठवड्याची बैठक घरी नको, तलावपाळीला चक्कर मारताना करा असं सुचवलं. मिथुन आणि धनूचा शुक्र चालता चालता, खाता खाता वळतो. द्विस्वभावाचे २४ पैकी जे २ गुण आहेत ते वापरायचे असतील, तर ज्या ग्रहाचे आहेत त्याच्या जागी जावं लागतं. तुमच्या पत्रिकांत तो बुध निघाला तर लिहून बोला, व्हॉट्सॲपवरही चालेल. मंगळ निघाला तर एखादं काम बरोबर करता करता.

नेरूळला ११ महिन्यांचं घर घेतलं. त्याची लेखी अट होती की आईबाबांना दर शनिवारी नौपाड्यात न्यायचं, डॉक्टर तोच राहील. मुदत संपल्यावर करार वाढवायचा की ठाण्याला परतायचं हा प्रश्न आला, तेव्हा तिने पुन्हा ठाण्यातली घरं शोधून लिंका पाठवल्या. तो म्हणाला, आता इथे बसलंय सगळं, कशाला हलायचं?

दोन्हीकडे चर किंवा द्विस्वभाव भारी असेल तर

हे थोडक्यात सांगतो, कारण ओळखायला सोपं आहे. दोघांकडे चर भारी असेल तर भांडण मोठं होतं आणि लवकर संपतं. अडचण वेगळीच असते: दोघेही न विचारता सुरू करतात. एकाने सुट्टीचं बुकिंग केलेलं असतं, दुसऱ्याने त्याच तारखांना सुताराला बोलावलेलं असतं. तिथे समजूत घालायला नको, कामांची हद्द ठरवून द्यायला हवी. कुठला विषय कुणाचा ते एकदा ठरलं की निम्मा कटकटाट बंद होतो.

दोघांकडे द्विस्वभाव भारी असेल तर भांडण दिसतच नाही. ‘तू म्हणशील तसं’ आणि ‘नाही, तू सांग’ यात महिना जातो, आणि त्रास होतो तो न घेतलेल्या निर्णयांचा. अशा घरात बाहेरून तारीख यावी लागते: शाळेच्या प्रवेशाची, बुकिंग बंद होण्याची.

एकाकडे चर आणि दुसऱ्याकडे स्थिर भारी, हे चित्र सगळ्यात जास्त दिसतं. एकजण सतत ढकलतो, दुसरा सतत अडवतो. तक्रारी कानावर येतात त्याही याच जोड्यांच्या जास्त. पण यांच्यात काम होतं, कारण सुरू करणारा आणि टिकवणारा वेगळा असतो. इथे अंश तपासल्याशिवाय घाबरू नका; वेगळ्या स्वभावाच्या राशींत केंद्रयोग बनतो तो फक्त राशीच्या कडेवरच्या ग्रहांत, आणि तो तेवढा बोचत नाही.

हिशेब कुठे फसतो

जन्मवेळ. लग्न साधारण दोन तासांनी बदलतं. त्याचं लग्न वृश्चिकेच्या सुरुवातीच्या अंशांत आहे. जन्म अर्धा तास आधीचा धरला तर लग्न तूळ होतं. मग त्याचे स्थिर ९ वरून ७ वर येतात आणि चर २ वरून ४ वर जातात. वेळ खात्रीची नसेल तर लग्न सोडून १० गुणांचा हिशेब करा. चंद्राची राशी सव्वादोन दिवस तशीच असते, तिची काळजी सहसा नसते. फक्त चंद्र राशीच्या पहिल्या किंवा शेवटच्या अंशावर असेल तर वेळ पुन्हा विचारा.

शनी. दोघांचाही शनी कुंभेत आहे, पण त्यात दोघांचं असं काही नाही. एका राशीत शनी साधारण अडीच वर्षं असतो, त्यामुळे त्यांच्या वयाच्या बहुतेक जोडप्यांचं असंच येतं. म्हणून समवयस्कांची बेरीज करताना शनी काढून पुन्हा एकदा बघा. इथे तो काढला तरी २२ पैकी १४ स्थिर राहतात, म्हणजे निष्कर्ष बदलत नाही. तुमच्या बेरजेत शनी काढल्यावर एखादं भारी खातं साधं होत असेल, तर ते भारी नव्हतंच.

आणि सायन-निरयन. तिची पत्रिका सायन पद्धतीने मांडली तर रवी, गुरू आणि शनी कुंभ-वृश्चिकेतून मीन-धनूत जातात, शुक्र मकरेत सरकतो, आणि तिचं द्विस्वभाव १ वरून ४ वर पोहोचतं. स्थिर ७ वरून ५ वर उतरतं. सायनवाला तिला हट्टी म्हणणार नाही, चंचल म्हणेल. पण तिचा चंद्र आणि त्याचा चंद्र यांच्यातलं ९० अंशांचं अंतर दोन्ही पद्धतींत तेच राहतं, कारण सगळे ग्रह सारखेच सरकतात. म्हणून बेरीज आणि अंश यांचं उत्तर वेगळं आलं, तर मी अंशांवर विश्वास ठेवतो. आणि दोन्हींपेक्षा जास्त त्या दोघांना विचारलेल्या एका प्रश्नावर: मागच्या वादात पहिल्या दिवशी तुम्ही काय म्हणालात, आणि शेवटच्या दिवशी काय?